विश्लेषण : फोन येतात जास्त, जातात कमी, मग सर्वांत स्वस्त रिचार्ज कोणते?

घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर दिवसाला चार-पाच कॉल येतात, एखाद-दुसरा जातो. व्हॉट्सअ‍ॅप असलेच, तर ते घरच्या वायफायवर चालते. तरीही त्यांच्या क्रमांकावर दर २८ दिवसांनी रोज एक-दीड जीबी डेटा देणारे रिचार्ज मारले जाते. मुलगा स्वतःसाठी जे घेतो तेच त्यांनाही घेऊन देतो आणि वर्षाला तीन-चार हजार रुपये न वापरलेल्या डेटावर जातात. अशा कमी वापराच्या क्रमांकासाठी स्वस्त पॅक आहेत, पण ते शोधावे लागतात आणि त्यांची तुलनाही वेगळ्या पद्धतीने करावी लागते. येथे दिलेले दर प्रामुख्याने २०२५ च्या सुरुवातीचे आहेत. कंपन्या दर आणि वैधता बदलत राहतात, त्यामुळे आजचा आकडा तपासून घ्यावा. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

नुसते फोन घेण्यासाठी पैसे का मोजावे लागतात?

येणारा कॉल फुकट असताना रिचार्ज कशासाठी, हा प्रश्न अनेक ज्येष्ठ विचारतात. याचे उत्तर कंपन्यांच्या आपापसातील हिशेबात आहे. २००३ पासून देशात 'फोन करणारा पैसे देणार' ही पद्धत आली. तेव्हापासून कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर पोहोचला, की फोन करणाऱ्याची कंपनी फोन घेणाऱ्याच्या कंपनीला ठरावीक रक्कम देत असे. म्हणजे ग्राहकाने एकही फोन केला नाही, तरी त्याला येणाऱ्या फोनमधून त्याच्या कंपनीला काही ना काही मिळत होते. हा दर ऑक्टोबर २०१७ मध्ये मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला.

त्यामुळे केवळ फोन घेणाऱ्या ग्राहकाकडून कंपनीला मिळणारे उत्पन्न म्हणजे त्याचे रिचार्ज, एवढेच उरले. किमान रिचार्जची सक्ती त्याआधीच, २०१८ च्या अखेरीस सुरू झाली होती. तोपर्यंत 'लाइफटाइम' कार्ड घालून वर्षानुवर्षे इनकमिंग चालवणारे कोट्यवधी ग्राहक होते. त्यांना २८ दिवसांसाठी ३५ रुपयांचे रिचार्ज करणे भाग पडले. एअरटेलचे हेच किमान रिचार्ज पुढे ४५, ७९, ९९, १५५ असे चढत जुलै २०२४ मध्ये १९९ रुपयांवर पोहोचले. सहा वर्षांत पाचपटीहून अधिक वाढ झाली आणि तिचा सर्वाधिक भार सर्वांत कमी वापर असणाऱ्यांवर पडला.

'ट्राय'ने काय बदलले?

डेटा नको असलेल्यालाही डेटाचे पैसे द्यावे लागतात, ही तक्रार लक्षात घेऊन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २३ डिसेंबर २०२४ रोजी ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार केवळ कॉल आणि एसएमएससाठी किमान एक विशेष व्हाउचर ठेवणे प्रत्येक कंपनीला बंधनकारक झाले. अशा व्हाउचरची कमाल मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्यात आली.

यानंतर जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी असे पॅक आणले आणि काही दिवसांतच त्यांचे दर सुधारले. जिओचा पॅक ८४ दिवसांसाठी ४४८ रुपये आणि ३३६ दिवसांसाठी १,७४८ रुपये असा ठरला. एअरटेलने ८४ दिवसांसाठी ४६९ आणि ३६५ दिवसांसाठी १,८४९ रुपये आकारले. व्होडाफोन-आयडियानेही वर्षाचा पॅक १,८४९ रुपयांनाच दिला. यात कॉल अमर्याद आहेत, काही एसएमएस आहेत आणि डेटा अजिबात नाही. 'ट्राय'ने पॅक ठेवणे सक्तीचे केले, दर मात्र ठरवून दिला नाही. त्यामुळे डेटा गेला तरी किंमत फार खाली आली नाही, हे लक्षात घ्यायला हवे.

पॅकची तुलना नेमकी कशी करायची?

पॅकवर छापलेली किंमत पाहून निर्णय घेतला, की फसगत होते. वैधता प्रत्येक पॅकची वेगळी असते. म्हणून किमतीला वैधतेच्या दिवसांनी भागावे आणि रोजचा खर्च काढावा.

जिओचा १,७४८ रुपयांचा पॅक एअरटेलच्या १,८४९ च्या पॅकपेक्षा १०१ रुपयांनी स्वस्त दिसतो. पण तो ३३६ दिवस चालतो. १,७४८ भागिले ३३६ म्हणजे रोजचे ५ रुपये २० पैसे. १,८४९ भागिले ३६५ म्हणजे रोजचे ५ रुपये ७ पैसे. कमी किमतीचा पॅक इथे रोजच्या हिशेबात किंचित महाग निघतो, कारण वर्षाचे २९ दिवस त्यात नाहीत.

'महिन्याचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या २८ दिवसांच्या पॅकचेही तसेच आहे. वर्षात असे पॅक बारा नव्हे, तेरा लागतात. १९९ रुपयांचा पॅक बाराने गुणला तर २,३८८ रुपये होतात, प्रत्यक्षात खर्च २,५८७ रुपये होतो. याच कारणाने 'ट्राय'ने जानेवारी २०२२ मध्ये किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पॅक ठेवण्याचा आदेश दिला होता.

किंमत तीच ठेवून दिवस कमी करणे, ही दरवाढीची सर्वांत शांत पद्धत. बीएसएनएलचा १०७ रुपयांचा पॅक पूर्वी ३५ दिवस चालायचा. नंतर त्याची किंमत तीच राहिली, वैधता मात्र घटली. ३५ दिवसांना रोजचा खर्च ३ रुपये ६ पैसे होता. २८ दिवस धरले तर तोच ३ रुपये ८२ पैसे होतो. म्हणून मागच्या वेळचाच पॅक घेतानाही दिवसांचा आकडा पुन्हा वाचावा.

आधी वापर मोजायचा तो कसा?

स्वस्त पॅक निवडण्यासाठी तीनच आकडे लागतात : महिन्याला बाहेर जाणाऱ्या कॉलची मिनिटे, घराबाहेर लागणारा मोबाइल डेटा आणि पाठवले जाणारे एसएमएस. येणारे कॉल आणि येणारे एसएमएस, म्हणजे बँकेचे ओटीपीसुद्धा, यात मोजायचे नाहीत. पॅक चालू असेल तर ते सगळ्याच पॅकमध्ये येतात.

डेटाचा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा यूसेज' या नावाखाली मिळतो. तिथे मोबाइल डेटा आणि वायफाय वेगवेगळे दाखवलेले असतात. मोबाइल डेटाचाच आकडा घ्यावा. कॉलची मिनिटे कंपनीच्या अ‍ॅपमधील वापराच्या तपशिलात दिसतात. साध्या बटणाच्या फोनवर 'कॉल लॉग'मध्ये 'कॉल टायमर' असतो. तो शून्यावर आणून एक महिना थांबले, की उत्तर मिळते. व्हॉट्सअ‍ॅपवरून केलेले कॉल या मिनिटांत येत नाहीत, ते डेटात मोजले जातात.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहणाऱ्या आजींच्या फोनचा महिन्याचा वापर असा आहे : बाहेर जाणारे कॉल १८० मिनिटे, म्हणजे रोजची सरासरी सहा मिनिटे, मोबाइल डेटा सुमारे ३०० एमबी, तोही महिन्यातून एकदा-दोनदा तालुक्याच्या गावी गेल्यावर, पाठवलेले एसएमएस दोन-तीन. घरी वायफाय आहे. बँक खाते, आधार आणि गॅसची नोंदणी याच क्रमांकावर आहे.

सध्या त्यांना रोज १ जीबी डेटा देणारा २९९ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक मारला जातो. वर्षाला १३ वेळा, म्हणजे ३,८८७ रुपये. महिन्याला २८ जीबी मिळतात, वापरले जातात ०.३ जीबी.

पहिला पर्याय त्याच कंपनीचा कमी डेटाचा पॅक. १९९ रुपयांत २८ दिवसांसाठी २ जीबी आणि अमर्याद कॉल मिळतात. वर्षाचा खर्च २,५८७ रुपये. कंपनी न बदलता, काहीही न गमावता १,३०० रुपये वाचतात. जिओवर याच प्रकारचा पॅक १८९ रुपयांना होता. त्याचा वर्षाचा खर्च २,४५७ रुपये होतो.

दुसरा पर्याय केवळ कॉलचा वार्षिक पॅक, १,८४९ रुपये. पहिल्या पर्यायाच्या तुलनेत ७३८ रुपये कमी, पण डेटा शून्य. आता प्रश्न उरतो तो बाहेर लागणाऱ्या डेटाचा. एक-दोन दिवस चालणारे डेटा व्हाउचर साधारण २० ते ३५ रुपयांत मिळते. सरासरी ३० रुपये धरले, तर ७३८ रुपयांत अशी २४ व्हाउचर येतात, म्हणजे महिन्याला दोन. आजी महिन्यातून एकदाच डेटा वापरत असतील तर केवळ कॉलचा पॅक परवडतो. दोनदा वापरत असतील तर दोन्ही पर्याय बरोबरीत येतात, आणि त्याहून जास्त वेळा लागत असेल तर २ जीबीचा पॅकच बरा. मात्र प्रत्येक केवळ-कॉल पॅकवर डेटा व्हाउचर चालेलच असे नाही. ते चालते का, हे पॅकच्या अटींमध्ये पाहून किंवा ग्राहक सेवेला विचारूनच पैसे भरावेत.

तिसरा पर्याय बीएसएनएलचा १,१९८ रुपयांचा वार्षिक पॅक. यात दरमहा ३०० मिनिटे कॉल, ३ जीबी डेटा आणि ३० एसएमएस मिळतात. रोजचा खर्च ३ रुपये २८ पैसे, महिन्याला शंभर रुपयांच्या आत. कॉल अमर्याद नाहीत, पण १८० मिनिटे वापरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. कागदावर आजींसाठी सर्वांत स्वस्त पर्याय हाच ठरतो : सध्याच्या खर्चापेक्षा वर्षाला २,६८९ रुपये कमी. तो प्रत्यक्षात उपयोगाचा आहे की नाही, हे घरात येणाऱ्या सिग्नलवर अवलंबून आहे.

बटणाचा फोन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. जिओभारत या ४-जी बटण फोनसाठी वेगळे दर ठेवलेले आहेत : २८ दिवसांसाठी १२३ रुपये आणि वर्षाच्या पॅकसाठी १,२३४ रुपये. त्यातही अमर्याद कॉल आणि रोज अर्धा जीबी डेटा असतो. वर्षाचा पॅक ३३६ दिवसांचा असल्याने रोजचा खर्च ३ रुपये ६७ पैसे पडतो. हे दर त्या हँडसेटपुरतेच आहेत. पुढे स्मार्टफोन घ्यायचा झाला, तर नेहमीचा महाग पॅक घ्यावा लागेल.

वीस रुपयांत सिम चालू राहते, हे खरे का?

समाजमाध्यमांवर फिरणारा हा संदेश अर्धा खरा आहे. 'ट्राय'चा नियम नवा नाही, तो २०१३ पासून लागू आहे. ९० दिवस कोणताही वापर झाला नाही, तरच प्रीपेड क्रमांक वापराअभावी बंद करता येतो. येणारा कॉलसुद्धा वापरच धरला जातो. ९० दिवसांनंतर खात्यात २० रुपये किंवा त्याहून अधिक शिल्लक असेल, तर २० रुपये कापून क्रमांक आणखी ३० दिवस राखून ठेवला जातो. शिल्लक नसल्याने क्रमांक बंद झालाच, तर तो परत मिळवण्यासाठी १५ दिवसांची मुदत असते.

हा नियम क्रमांक हातचा जाऊ नये यासाठी आहे. पॅकची मुदत संपल्यावरही फोन येत राहतील, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. मुदत संपली, की बाहेर जाणारे कॉल थांबतात. येणारे कॉल आणि एसएमएस त्यानंतर काही दिवस चालतात आणि मग तेही बंद होतात. हे दिवस कंपनीनुसार बदलतात. ज्यांचा मुख्य उपयोगच फोन घेणे हा आहे, त्यांच्यासाठी वीस रुपयांची युक्ती कामाची नाही.

टॉप-अप आणि पॅक यांतही गल्लत होते. दहा रुपयांच्या टॉप-अपवर १८ टक्के जीएसटी आणि एक रुपया प्रक्रिया शुल्क जाऊन ७ रुपये ४७ पैसे खात्यात जमा होतात. या शिलकीमुळे पॅकची वैधता एका दिवसानेही वाढत नाही.

स्वस्त पॅक घेऊन कुठे अडते?

पहिली अडचण डेटाची. केवळ कॉलचा पॅक असताना फोनमधील मोबाइल डेटा चालू राहिला आणि खात्यात टॉप-अपची शिल्लक असेल, तर मूळ दराने पैसे कापले जाऊ शकतात. शिल्लक अचानक कमी झाली, तर हेच पहिले कारण तपासावे. मोबाइल डेटा बंद ठेवल्याने आजच्या बहुतेक ४-जी फोनवर कॉलला बाधा येत नाही.

दुसरी अडचण एसएमएसची. यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना त्या क्रमांकावरून बँकेकडे एक एसएमएस जातो. पॅकमध्ये एसएमएस नसेल आणि खात्यात शिल्लकही नसेल, तर नोंदणी पुढे सरकत नाही. अ‍ॅप 'पडताळणी अयशस्वी' एवढेच सांगते, कारण सांगत नाही. दहा-वीस रुपयांची शिल्लक खात्यात ठेवली, तर ही वेळ येत नाही.

तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण म्हणजे लांब मुदतीचा पॅक संपल्याचे ध्यानात न येणे. २८ दिवसांच्या रिचार्जची सवय असते, वर्षापूर्वीचे रिचार्ज कोणाला आठवत नाही. त्यात फोन येत नसल्याचे ज्येष्ठांना उशिरा कळते. क्रमांक कायमचा बंद झाला, तर किमान ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या व्यक्तीला दिला जाऊ शकतो आणि बँकेचे ओटीपी तिकडे जाऊ लागतात. रिचार्ज करताच संपण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधीची आठवण घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या फोनवर लावणे, हा यावरचा साधा उपाय.

कंपनी बदलायची असेल तर?

आधी दुसऱ्या कंपनीचे सिम घरात चालते का, ते पाहावे. शेजाऱ्याचे किंवा पाहुण्याचे सिम आजींच्याच हँडसेटमध्ये घालून, त्या जिथे बसतात-झोपतात त्या खोल्यांतून फोन लावून आणि घेऊन बघावा. गावात टॉवर असणे आणि माजघरात रेंज येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन फक्त २-जीचा असेल, तर जिओचे सिम त्यात चालणारच नाही.

खात्री पटली, की क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यासाठी फोनवरून पुढील एसएमएस 1900 वर पाठवायचा :

```
PORT <दहा अंकी मोबाइल क्रमांक>
```

उत्तरात एक कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस वैध असतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेले, की त्याच सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत बदल होतो. सध्याच्या कंपनीकडे सिम सुरू होऊन किमान ९० दिवस झालेले असावे लागतात.

जुन्या पॅकचे उरलेले दिवस आणि खात्यातील शिल्लक मात्र बुडते. म्हणून जुना पॅक संपण्याच्या आठवडाभर आधी ही प्रक्रिया सुरू करावी. पॅक पूर्ण संपू देऊ नये. नव्या कंपनीत गेल्यावर लगेच वर्षाचा पॅक घेण्याची घाई नको. आधी एखादा छोटा पॅक घ्यावा. फोन नीट येतात, ओटीपी वेळेवर पोहोचतात, एवढे दिसले की मग वर्षाचे पैसे भरावेत. वर्षाच्या पॅकमध्ये सूट असते, पण मधेच कंपनी सोडली तर परतावा मिळत नाही.

हे पॅक सापडतात कुठे?

कंपन्यांच्या अ‍ॅपवर पहिल्या पानावर रोजच्या डेटाचे पॅक असतात. कमी वापराचे पॅक 'व्हॅल्यू' किंवा 'व्हॉइस ओन्ली' अशा नावाच्या शेवटच्या विभागांत सापडतात. पेमेंट अ‍ॅपवर किंमत टाकून शोधले तर ते लवकर दिसतात. काही अ‍ॅप मात्र प्रत्येक रिचार्जवर वेगळे शुल्क लावतात. सर्व कंपन्यांचे दर सर्कलनुसार एकत्र पाहण्यासाठी 'ट्राय'चे tariff.trai.gov.in हे पोर्टल आहे. महाराष्ट्र आणि गोवा हे एक सर्कल आहे, मुंबई वेगळे. दर काही वेळा सर्कलनुसार बदलतात, त्यामुळे शोधताना योग्य सर्कल निवडणे आवश्यक आहे.